सीसा करायचंय? फी भरायच्या आधी हा हिशेब मांडा

ऑडिट, बँकिंग नाहीतर आयटीत काम करणारे मुंबईतले बरेच जण सीसा करायचं ठरवतात. आयसाका नावाच्या संस्थेचं इन्फर्मेशन सिस्टिम्स ऑडिटचं हे सर्टिफिकेशन. ठरवलं की पहिला प्रश्न येतो, "फी किती?" कोणीतरी सांगतं ५७५ डॉलर, माणूस मनातल्या मनात नव्वदने गुणतो, बावन्न हजार म्हणजे बोनसमध्ये बसतंय म्हणतो आणि कार्ड काढतो. मग दीड वर्षाने तोच माणूस विचारतो की हे दर जानेवारीला पैसे कसले मागतायत.

५७५ हा आयसाकाच्या मेंबरचा दर आहे, मेंबर नसाल तर ७६०. त्यात मेंबरशिप धरलेली नाही, पास झाल्यावरची अर्जाची फी नाही, दुसऱ्यांदा बसावं लागलं तर त्याचे पैसे नाहीत आणि सर्टिफिकेट चालू ठेवायचा दरवर्षीचा खर्च तर नाहीच नाही. म्हणून खाली सगळं ज्या क्रमाने करायचं त्या क्रमाने लिहिलंय. क्रम बदलला की पैसे वाया जातात, चुका बहुतेक तिथेच होतात. आकडे मी हे लिहिताना वापरतोय ते आहेत, आयसाका मधूनमधून दर बदलते, त्यामुळे पैसे भरायच्या दिवशी स्क्रीनवर दिसेल तो आकडा खरा मानायचा आणि हिशेबाची पद्धत इथली घ्यायची.

१. आधी अनुभव मोजा, पैसे नंतर

परीक्षा पास झालात म्हणून नावापुढे सीसा लावता येत नाही. त्यासाठी आयएस ऑडिट, कंट्रोल किंवा सिक्युरिटीच्या कामाचा पाच वर्षांचा अनुभव लागतो. शिक्षण वगैरे दाखवून त्यात जास्तीत जास्त तीन वर्षांची सूट मिळते, म्हणजे काहीही केलं तरी दोन वर्षांचं खरं काम लागतंच. परीक्षा आधी देऊन अनुभव नंतर पूर्ण केला तरी चालतं, पण पास झाल्यापासून पाच वर्षांच्या आत सर्टिफिकेशनचा अर्ज करावा लागतो.

बजेटशी याचा संबंध असा की फ्रेशर असाल तर तुमचा खर्च दोन तुकड्यांत येणार आहे. परीक्षेचा आत्ता, आणि अर्जाचा, वार्षिक फीचा दोन-तीन वर्षांनी. मधल्या काळात सर्टिफिकेटच हातात नसल्यामुळे ते चालू ठेवायची फीही लागत नाही. उलट ज्यांचा अनुभव पूर्ण आहे त्यांना सगळं एकापाठोपाठ भरावं लागतं, त्यामुळे त्यांनी एका वर्षात जास्त पैसे बाजूला ठेवायला हवेत.

अजून एक गोष्ट याच टप्प्यात. तुमच्या अनुभवावर सही करणारा माणूस कोण, हे आत्ताच ठरवा. जुन्या कंपनीतले साहेब नोकरी सोडून दुबईला गेले की त्यांना शोधत बसावं लागतं, त्यापेक्षा त्यांचा पर्सनल ईमेल आजच घेऊन ठेवा.

*तपासा:* तुमच्या कामाच्या वर्षांची यादी, कंपनी आणि तारखांसकट, एका कागदावर आली का? नसेल तर पुढे जाऊ नका.

२. डॉलर रुपयात नीट बदला

गूगलवर दिसतो तो दर तुम्हाला मिळत नाही. कार्डवर डॉलरमध्ये खर्च केला की बँक त्यावर फॉरेक्स मार्कअप लावते, बऱ्याच कार्डांवर तो साडेतीन टक्के असतो, काही महागड्या कार्डांवर दोन, आणि त्या मार्कअपवर वर १८ टक्के जीएसटी. साडेतीन टक्क्यांचं गणित केलं तर एकूण ४.१३ टक्के जास्त जातात. म्हणजे बाजारात डॉलर ९० रुपयांना असेल तर तुम्हाला पडतो जवळजवळ ९४ला. पुढचा सगळा हिशेब मी ९४नेच करतोय, तुमच्या वेळी दर वेगळा असेल तर तो धरा. घरात कोणाकडे कमी मार्कअपचं कार्ड असेल तर ते वापरा, एवढ्या रकमेवर हजारभर रुपये सहज वाचतात.

दुसरं म्हणजे टॅक्स. पेमेंटच्या शेवटच्या स्क्रीनवर टॅक्सची वेगळी ओळ येते का ते बघायचं, आणि बजेट करताना ती १८ टक्के येणार असं धरूनच चालायचं. नाही आली तर पैसे उरले, आली तर ऐनवेळी धावपळ नाही.

तिसरं अगदी साधं आहे, तरी दर वेळी कोणीतरी अडकतोच. आपल्याकडची बरीच कार्डं परदेशी व्यवहारासाठी बंदच असतात, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करावं लागतं आणि लिमिटही वाढवावं लागतं. हे आदल्या दिवशी करा, पेमेंट पेजवर बसून नाही.

३. मेंबरशिप घ्यायची की नाही, याचं गणित दोनदा करा

लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथे, आणि दोन्ही बाजूंनी चुकतात. काही जण मेंबरशिप म्हणजे फालतू खर्च म्हणून थेट ७६० भरतात, काही जण एकदा घेतली म्हणून जन्मभर चालू ठेवतात. परीक्षेच्या वर्षीचं गणित वेगळं आणि नंतरच्या वर्षांचं वेगळं, म्हणून दोनदा करायचं.

परीक्षेच्या वर्षी बघा. मेंबर नसाल तर ७६०, असाल तर ५७५, फरक १८५ डॉलरचा. आंतरराष्ट्रीय मेंबरशिप १४५ डॉलर. राहिले ४०. मेंबरशिपसोबत चॅप्टरची, म्हणजे स्थानिक शाखेची, फी वेगळी लागते (आपल्याकडे मुंबई चॅप्टर आहे) आणि नवीन मेंबरला काही किरकोळ जॉइनिंग फी असेल तर तीही. ही वरची दोन्ही मिळून ४० डॉलरच्या आत असतील तर पहिल्याच परीक्षेत मेंबरशिप फुकटात पडली. थोडी वर गेली तरी घ्यावी असं माझं मत, कारण अभ्यासाचं मटेरियल मेंबरला स्वस्त मिळतं आणि नापास झालात तर दुसऱ्या वेळीही ते १८५ वाचतात.

फक्त क्रम सांभाळा. आधी मेंबरशिप, ती खात्यावर चालू झालेली दिसली की मग परीक्षेचं रजिस्ट्रेशन. उलटं केलं आणि ७६० भरून बसलात तर परीक्षेची फी परत मिळत नाही, नंतर मेंबर झालात म्हणून फरक कोणी परत देत नाही.

*सावधान:* मेंबरशिप कोणत्या तारखेपर्यंत आहे ते पेमेंट करतानाच लिहून घ्या. समजा परीक्षा नोव्हेंबरला, मेंबरशिप डिसेंबरअखेर संपतेय आणि तुम्ही नापास झालात. जानेवारीत दुसऱ्यांदा फी भरायला गेलात की एकतर ७६० भरा, नाहीतर आधी मेंबरशिप रिन्यू करा. म्हणून मेंबरशिपचे कमीत कमी सहा महिने हातात असताना पहिली परीक्षा बसेल अशा बेताने घ्या.

नंतरच्या वर्षांचं गणित आठव्या टप्प्यात, ते पास झाल्यावर लागेल.

४. रिटेकचे पैसे आधी, रजिस्ट्रेशन नंतर

रिटेकला सवलत नाही. दुसऱ्यांदा बसायचं तर पुन्हा पूर्ण फी. आणि नियम असा आहे की पहिल्या परीक्षेनंतर ३० दिवस थांबावं लागतं, दुसरीनंतर ९० दिवस, तिसरीनंतर परत ९० दिवस, आणि बारा महिन्यांत जास्तीत जास्त चार वेळा बसता येतं.

तारखा मांडून बघितलं की हे नीट कळतं. पहिली परीक्षा १ मार्चला दिली तर दुसरी लवकरात लवकर ३१ मार्चला. तेव्हाही गेली तर तिसरी २९ जूनच्या आत नाही, आणि चौथी २७ सप्टेंबरच्या आत नाही.

यातला पैशाचा मुद्दा लोकांच्या लक्षात येत नाही. पहिली परीक्षा थोडक्यात गेली असेल तर अभ्यास डोक्यात ताजा असतो, महिन्या-दीड महिन्यात परत बसणं हेच शहाणपणाचं. पण त्या महिन्यात ५७५ डॉलर, म्हणजे ५४,०५० रुपये, पगारातून निघत नाहीत. मग माणूस सहा महिने पुढे ढकलतो, अभ्यास विसरतो, परत क्लास लावतो, प्रश्नसंचाची मुदत संपलेली असते म्हणून तोही परत घेतो. रिटेक महाग पडतो तो फीपेक्षा या उशिरामुळे जास्त. म्हणून एका रिटेकची रक्कम आधीच आरडीत नाहीतर लिक्विड फंडात पडलेली असेल तरच पहिलं रजिस्ट्रेशन करा. पास झालात तर तेच पैसे पुढच्या वार्षिक फीला लागतात, वाया काही जात नाही.

चारही प्रयत्नांचे पैसे बाजूला ठेवायची गरज नाही. दोनदा जाऊन तिसऱ्यांदा बसायचं असेल तर तसेही तीन महिने मिळतात, तेवढ्यात जमवता येतात, आणि खरं सांगायचं तर दोनदा गेली असेल तर आधी कोणत्या भागात मार्क जातायत ते बघायला हवं. रिझल्टमध्ये भागवार स्कोअर येतो. एकूण स्कोअर २०० ते ८०० च्या स्केलवर असतो आणि पास व्हायला ४५० लागतात, ते टक्के नव्हेत, त्यामुळे ४३० आले म्हणजे किती प्रश्न चुकले हे काढत बसू नका.

५. रजिस्ट्रेशन: नाव, ईमेल, मुदत

आता पैसे भरायचे. भरायच्या आधी तीन गोष्टी बघा, तिन्हींमुळे फी बुडू शकते.

नाव ओळखपत्रावर आहे तसंच हवं. आपल्याकडे हा घोळ मोठा असतो. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, पॅनवर नुसतं आद्याक्षर, आधारवर लग्नानंतरचं आडनाव आणि आयसाकाच्या खात्यात लिंक्डइनसारखं सुटसुटीत नाव. परीक्षेच्या दिवशी जुळलं नाही तर बसू देत नाहीत आणि फी जाते. कोणतं ओळखपत्र नेणार ते आधी ठरवा, त्यावर जसं आहे तसं खात्यात टाका, आणि ते ओळखपत्र परीक्षेच्या दिवशी मुदतीत असेल हेही बघा.

ईमेल स्वतःचा द्या, ऑफिसचा नको. याचं कारण शेवटच्या टप्प्यात येईल.

मुदत म्हणजे फी भरल्यापासून परीक्षा द्यायला मिळणारा काळ. कन्फर्मेशनच्या ईमेलमध्ये शेवटची तारीख येते. त्या तारखेच्या आत बसला नाहीत तर पूर्ण फी बुडते. "आत्ता पैसे भरले की अभ्यासाला शिस्त लागेल" असं म्हणून रजिस्टर करणारे भरपूर आहेत, मला ती पद्धत पटत नाही, साठ हजारांच्या आसपासची शिस्त फार महाग आहे. प्रश्नसंच एकदा पूर्ण करून झाला की मग रजिस्टर करा.

*तपासा:* पैसे गेल्या गेल्या खात्यातून पावती डाउनलोड केली का? कार्डचं स्टेटमेंटही जपून ठेवा, रुपयात नेमके किती गेले ते त्याच्यावरच दिसतं आणि ऑफिसकडून पैसे मागताना दोन्ही लागतात.

६. ऑफिस पैसे देणार असेल तर

हा टप्पा खरं म्हणजे रजिस्ट्रेशनच्या आधीच एचआरला ईमेल करून उरकायचा. मी इथे लिहिलाय कारण लोकांना तो इथेच आठवतो.

ईमेलमध्ये नेमकं विचारा. पास झाल्यावरच पैसे मिळणार की आधी? रिटेकचे मिळणार का? मेंबरशिप धरणार की फक्त परीक्षेची फी? फॉरेक्स मार्कअप आणि टॅक्स पण देणार की नुसते डॉलर गुणिले त्या दिवशीचा दर? दरवर्षीची फी कोण भरणार? आणि नोकरी सोडली तर किती महिन्यांच्या आत सोडल्यास पैसे परत द्यायचे? शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. ५० हजारांसाठी दोन वर्षांचा बाँड आणि त्याच दोन वर्षांत सीसामुळे दुसरीकडून चांगली ऑफर, असं होतं.

एक बारकावा बघा. ऑफिस परीक्षेची फी देतंय पण मेंबरशिप देत नसेल तर तिसऱ्या टप्प्यातलं गणित उलटं होतं. वाचलेले १८५ डॉलर ऑफिसचे वाचले आणि मेंबरशिपचे १४५ तुमच्या खिशातून गेले. अशा वेळी एचआरला सरळ दोन्ही बेरजा दाखवा, दोन्ही मिळून त्यांनाही स्वस्त किंवा बरोबरीत पडतं हे आकड्यात दिसलं की बहुतेक वेळा मंजूर होतं.

७. परीक्षेची तारीख

तारीख बदलायची असेल तर परीक्षेच्या ४८ तास आधीपर्यंत बदलता येते, त्यानंतर नाही. मुंबईत राहून जुलैमधली तारीख घेऊ नका. सेंटरला जायचं असेल आणि त्या दिवशी सकाळी कुर्ला-सायनला पाणी भरलं तर ४८ तासांची मुदत कधीच उलटून गेलेली असते. घेतलीच तर घरून ऑनलाइन द्या, पण मग बंद दार असलेली खोली, रिकामं टेबल, चार तास कोणी आत येणार नाही याची खात्री आणि नेटची दुसरी सोय लागते. वन बीएचकेत पाच माणसं असतील तर सेंटर बरं, फक्त डिसेंबर ते मे मधली तारीख घ्या.

८. पास झालात, आता खरा खर्च सुरू

स्क्रीनवर पास दिसलं की लोक पार्टी करतात आणि हिशेबाची वही बंद करतात. अजून ५० डॉलरची अर्जाची फी आहे, एकदाच लागते, ४,७०० रुपये. त्यानंतर सर्टिफिकेट चालू ठेवायला दरवर्षी मेंबरला ४५ डॉलर आणि मेंबर नसेल त्याला ८५. शिवाय सीपीई, म्हणजे शिकण्याचे तास: वर्षाला किमान २० आणि तीन वर्षांत मिळून १२०.

सीपीईचं हे वाक्य परत वाचा. दरवर्षी २० केले की तीन वर्षांत ६० होतात, १२० नाही. पहिली दोन वर्षं वीस-वीस करून निवांत राहिलेल्यांना तिसऱ्या वर्षी ८० तास भरावे लागतात, आणि डिसेंबरमध्ये घाईने विकत घेतलेले तास सगळ्यात महाग असतात. वर्षाला ४० हे लक्ष्य ठेवा. १२० पेक्षा जास्त झाले तर पुढच्या तीन वर्षांत नेता येत नाहीत, त्यामुळे फार पुढेही पळू नका.

तीन वर्षांची सायकल सर्टिफिकेट मिळालं त्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून सुरू होते. सर्टिफिकेट मिळाल्यापासून त्या ३१ डिसेंबरपर्यंत केलेले तास मात्र पहिल्या सायकलमध्ये धरता येतात. म्हणजे नोव्हेंबरमध्ये पास झालात आणि नोकरीसाठी ताबडतोब गरज नसेल, तर अर्ज डिसेंबरऐवजी जानेवारीत मंजूर झालेला पैशाच्या दृष्टीने बरा, तास जमवायला जवळजवळ एक वर्ष जास्त मिळतं. नोकरी किंवा प्रमोशन अडलं असेल तर मात्र हे गणित विसरा आणि अर्ज करून टाका.

आता मेंबरशिपचं दुसरं गणित. समजा चॅप्टरची फी २५ डॉलर धरली (तुमची बघून बदला). मेंबर राहिलात तर वर्षाला १४५, २५ आणि ४५ मिळून २१५ डॉलर, तीन वर्षांचे ६४५, रुपयात ६०,६३०. मेंबरशिप सोडलीत तर वर्षाला ८५, तीन वर्षांचे २५५, रुपयात २३,९७०. फरक ३६,६६० रुपये. म्हणजे फीच्या सवलतीसाठी मेंबर राहणं परवडत नाही, ४० डॉलर वाचवायला १७० घालवताय.

मग मेंबरशिप सोडायची का? ३६,६६० ला १२० तासांनी भागा, तासाला साधारण ३०५ रुपये येतात. मेंबरना आयसाकाचे बरेच वेबिनार फुकट मिळतात आणि त्यांचे तास धरले जातात. तुम्हाला बाहेर सीपीईसाठी तासामागे सरासरी ३०५ पेक्षा जास्त मोजावे लागत असतील तर मेंबर राहा, कमी असतील तर सोडा. बँकेत किंवा मोठ्या फर्ममध्ये असाल आणि ऑफिसची ट्रेनिंग विषयाला धरून असतील, तर बरेच तास फुकटच होतात, त्यांना मेंबरशिपची गरज कमी. एकटे प्रॅक्टिस करणाऱ्यांना ती परवडते. दुसरं आयसाकाचं सर्टिफिकेट करायचा विचार असेल तर त्या वर्षापुरती परत घेता येईलच.

*सावधान:* फी भरली पण तास टाकले नाहीत, किंवा तास टाकले पण फी राहिली, दोन्हीत सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं. दोन वेगळी कामं आहेत, दोन्हींचा वेगळा रिमाइंडर लावा. आणि प्रत्येक तासाचा पुरावा, सर्टिफिकेट किंवा हजेरीचा ईमेल, तीन वर्षांची सायकल संपल्यावर अजून बारा महिने जपायचा, कारण ऑडिटला निवड झाली तर तो मागतात. एक तास म्हणजे ५० मिनिटं धरतात, हे आपल्या फायद्याचं आहे, विसरू नका.

९. एक पूर्ण हिशेब

डोंबिवलीला राहणारी, फोर्टमधल्या सीए फर्ममध्ये आयएस ऑडिट करणारी एक जण समजा. अनुभव पूर्ण आहे, ऑफिस काही देत नाही, मार्कअप धरून डॉलर ९४ला पडतोय. तिचं बजेट असं दिसेल:

- मेंबरशिप, चॅप्टर आणि जॉइनिंग मिळून १८० डॉलर धरले: १६,९२० रुपये
- परीक्षा, ५७५ डॉलर: ५४,०५० रुपये
- सर्टिफिकेशनचा अर्ज, ५० डॉलर: ४,७०० रुपये
- पुस्तक आणि प्रश्नसंच, तिने स्वतः घातलेली मर्यादा: ३०,००० रुपये

हे झाले १,०५,६७० रुपये. हा सगळं नीट झालं तरचा आकडा. त्यावर एका रिटेकचे ५४,०५० राखीव, आणि टॅक्सची ओळ आलीच तर परीक्षा, रिटेक, मेंबरशिप, अर्ज या सगळ्यांवर १८ टक्के म्हणजे साधारण २३,३५० राखीव. एकूण १,८३,०७० रुपये. बावन्न हजारांपासून सुरू झालेला विचार इथे पोचतो.

पण हे सगळं एका दिवशी लागत नाही. सुरुवातीला मेंबरशिप आणि पुस्तकं, म्हणजे ४७ हजारांच्या आसपास. ती महिन्याला १८ हजार बाजूला टाकू शकत असेल तर तिसऱ्या महिन्यात अभ्यास सुरू, आणि परीक्षा अधिक रिटेक जमायला त्याच्या पुढे सहा महिने, तेवढ्यात अभ्यासही होतो. फक्त एक लोचा आहे: मेंबरशिप अभ्यासाच्या सुरुवातीला घेतली तर परीक्षेपर्यंत तिची मुदत संपत आलेली असू शकते. तिने दोन रकमा समोर ठेवाव्यात. मेंबरच्या दराने पुस्तकांवर वाचतात ते पैसे, आणि मेंबरशिप दुसऱ्यांदा भरावी लागली तर जाणारे पैसे. पुस्तकं मैत्रिणीकडून मिळत असतील तर मेंबरशिप परीक्षेच्या आधी एक महिना घेणंच बरं.

पहिल्याच प्रयत्नात पास झाली तर राखलेल्या ५४,०५० मधून सीपीई विकत न घेता दोन वर्षांचं रिन्यूअल मेंबर राहूनही निघतं, मेंबरशिप सोडली तर पहिली तिन्ही वर्षं भागून अर्धे पैसे उरतात.

१०. जानेवारीचा ईमेल

रिन्यूअलची आठवण ईमेलने येते. नोकरी बदलली, ऑफिसचा ईमेल बंद झाला, आठवण आलीच नाही आणि सर्टिफिकेट गेलं, असं चांगल्या चांगल्या लोकांचं होतं. नवीन ऑफिसने व्हेरिफिकेशन केल्यावर कळतं. म्हणून खात्यात पर्सनल ईमेल, फोनमध्ये १ डिसेंबरला दरवर्षी वाजणारा रिमाइंडर, आणि त्या रिमाइंडरच्या मजकुरात तीन ओळी: या वर्षीचे तास किती झाले, सायकलचं कितवं वर्ष, कार्डवर परदेशी व्यवहार चालू आहे का. ऑफिस फी भरत असेल तर हा रिमाइंडर १ नोव्हेंबरला लावा, अकाउंट्सवाल्यांना मंजुरीला महिना लागतो.